महालक्ष्म्यांच्या आराशीवरून घरात होणारे मतभेद : एकच थीम आणि खर्चाची वाटणी कशी ठरवावी?

मधलीसून

आमच्या घरी भाद्रपदात उभ्या महालक्ष्म्या असतात. थोरले दीर निवृत्त आहेत आणि सोलापुरातच राहतात, आम्हीही इथेच जुळे सोलापुरात राहतो आणि धाकटे दीर नोकरीनिमित्त पुण्यात असतात. तिन्ही कुटुंबे सासूबाईंच्या घरी एकत्र जमतात आणि आरास सगळ्यांची मिळून होते. अडचण नेमकी इथेच आहे. थोरल्या जाऊबाईंना जुन्या साड्या, तोरणे आणि समया असा साज हवा असतो. धाकट्या जाऊबाईंना मागे एकच फिकट रंगाचा पडदा आणि मोजकी फुले आवडतात, कारण त्यांच्या मते त्यामुळे मुखवटे उठून दिसतात. मुलांना रंगीत दिव्यांच्या माळा हव्या असतात. गेल्या वर्षी या तिन्ही गोष्टी एकाच आठ फुटी भिंतीवर आल्या. शेवटी फुलांच्या कमानीमागे मंडपी आणि तिला बांधलेला करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा झाकला गेला आणि सासूबाई पूजनाच्या दिवशी दिवसभर गप्प होत्या.

दुसरी गोष्ट पैशांची आहे. ज्याने त्याने आपापल्या पसंतीने खरेदी केली आणि नंतर एकूण खर्च तिघांत समान वाटला. थोरल्या दिरांनी काही न बोलता पैसे दिले, परंतु ज्या तयार पडद्याला त्यांचा विरोध होता त्याचाही तिसरा हिस्सा त्यांच्या वाट्याला आला, ही गोष्ट मला आजही खटकते. यंदा श्रावण लागण्यापूर्वीच काहीतरी ठरवावे असे वाटते. ज्यांच्या घरी थीम आधी ठरवून आणि खर्च वाटून आरास होते, त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगावा, ही विनंती.

बाळीवेसकर

आमच्याकडे आई सांगेल ती थीम असते आणि आई सांगेल तो खर्च असतो. त्यामुळे मतभेद होतच नाहीत, फक्त सगळ्यांची मते मनात राहतात. आपण विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यामुळे मी उत्तरे वाचत राहणार आहे.

उत्तरकसबा

ताई, तयार मखर भाड्याने आणणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मखर एकसंध असते, त्यामुळे कोणाचीच पसंत वरचढ ठरत नाही, आणि भाडे तीन समान हिश्शांत वाटले की हिशेब संपतो. थर्मोकोलची कोरीव मखरे वजनाला हलकी असतात आणि फार शोभून दिसतात. बंदी ताटे आणि पेल्यांवर आहे, सजावटीवर नाही.

मंडपवाला

उत्तरकसबा, भाड्याच्या मखराची आपली कल्पना चांगली आहे, परंतु थर्मोकोलविषयीचे आपले म्हणणे बरोबर नाही. राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मोकोलचाही समावेश होता. भाड्याने घ्यायचेच असेल तर लाकडी, पुठ्ठ्याचे किंवा कापडी मखर घ्यावे. शिवाय उभ्या महालक्ष्म्यांसाठी तयार मखर बहुधा बसत नाही, कारण कोठ्यांवर मुखवटे ठेवल्यावर उंची साडेचार-पाच फुटांपर्यंत जाते आणि वर मंडपी टांगायला आणखी दीड-दोन फूट मोकळी जागा लागते. गणपतीच्या मापाच्या मखरात त्या मावत नाहीत.

आता ताईंच्या प्रश्नाकडे वळतो. माझा व्यवसायच आराशीचा असल्याने मी अनेक घरांतले हे वाद जवळून पाहिले आहेत. माझ्या अनुभवानुसार वाद आवडीनिवडीमुळे जेवढे होतात, त्यापेक्षा थीमचे नाव फार ढोबळ असल्यामुळे अधिक होतात. 'यंदा पारंपरिक करू' असे सगळे म्हणतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे चित्र असते. ज्या थीमच्या आधारे दुकानात उभे राहून एखाद्या वस्तूला 'ही नको' असे म्हणता येत नाही, ती थीम अजून ठरलेलीच नाही, असे मी मानतो.

म्हणून मी घरच्यांना थीमचे नाव विचारत नाही. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारतो: कोणती एक गोष्ट असल्याशिवाय तुम्हाला सण झाल्यासारखे वाटणार नाही, आणि कोणती एक गोष्ट डोळ्यांना अजिबात सहन होत नाही. उत्तरे कागदावर लिहून समोर ठेवली की असे दिसते की, लोकांचे 'हवे' एकमेकांच्या फारसे आड येत नाही. खरा संघर्ष बहुधा एखाद-दुसऱ्या 'नको'पुरता असतो. त्यानंतर घरात आधीपासून असलेली आणि सर्वांना मान्य असलेली एक वस्तू निवडावी आणि रंग तिच्यातूनच घ्यावेत. बाजारात मिळणाऱ्या वस्तूवरून रंग ठरवायला गेलात, तर प्रत्येक दुकानात नवा वाद उभा राहतो.

रंग तीनच ठेवावेत. भिंतीचा बहुतेक भाग व्यापणारा एक, त्याला साथ देणारा दुसरा आणि थोड्या प्रमाणात उठून दिसणारा तिसरा. महालक्ष्म्यांच्या साड्या आणि दागिने स्वतःच गडद आणि झळाळते असतात, म्हणून मागचा रंग शांत ठेवला की त्या पुढे येतात. या बाबतीत धाकट्या जाऊबाईंचे निरीक्षण योग्य आहे, मात्र त्यासाठी पडदा फिकटच हवा असे नाही. गर्द, एकाच रंगाचे, चमक नसलेले कापडही तेच काम करते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार जणांच्या लक्षात येत नाही. 'भडक दिसते' ही तक्रार पुष्कळदा कापडाबद्दल नसून उजेडाबद्दल असते. पांढऱ्याशुभ्र, निळसर प्रकाशाच्या दिव्यांखाली लाल आणि मरून रंग काळपट दिसतात, हळदीचा पिवळा फिका पडतो आणि पितळी समई करड्या रंगाची वाटते. तेच सामान पिवळसर उजेडात ठेवले की घरातली अर्धी तक्रार मिटते. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आराशीत हे दोन प्रकार एकत्र करू नयेत.

हिशेबनीस

मंडपवाले यांचा मुद्दा पटला. मी पैशांच्या बाजूने लिहितो, कारण ताईंच्या घरातली खरी जखम मला तिथे दिसते. 'खरेदी ज्याची त्याची आणि वाटणी सगळ्यांची' ही पद्धत मुळातच अन्यायकारक आहे, कारण ज्याची आवड महाग असते त्याला तिचा दोन तृतीयांश खर्च इतरांकडून आपोआप मिळतो आणि ज्याची आवड साधी असते तो मुकाट्याने भरतो.

आमच्या घरी खर्चाचे तीन कप्पे केलेले आहेत. ताईंच्या तीन कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून एक उदाहरण मांडतो. आकडे आपापल्या ऐपतीप्रमाणे बदलावेत, पद्धत लक्षात घ्यावी.

पहिल्या कप्प्यात पूजेशी जोडलेले आणि दरवर्षी संपणारे सामान येते: ताजी फुले, गजरे, केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, रांगोळी, फुलोऱ्याचे साहित्य. यावर मतदान नाही आणि याची वाटणी समान, कारण देवी सगळ्यांची आहे. समजा हा खर्च ४,२०० रुपये आहे, तर प्रत्येकी १,४०० रुपये.

दुसऱ्या कप्प्यात टिकाऊ सामान येते: पडदा लावायची पाइपची चौकट २,४०० रुपये, मागचे कापड १,८०० रुपये आणि दिवे १,२०० रुपये, म्हणजे एकूण ५,४०० रुपये. हे सामान पुढची काही वर्षे चालणार असते, म्हणून याची वाटणी ऐपतीनुसार करावी असे माझे मत आहे. निवृत्त भावाचा एक हिस्सा, मधल्याचे दोन आणि धाकट्याचे तीन धरले, तर अनुक्रमे ९००, १,८०० आणि २,७०० रुपये होतात. मात्र या सामानाची मालकी तिघांची समान राहील आणि ते कोणत्या घरी ठेवायचे हेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

तिसरा कप्पा हौसेचा. ज्याला काही वेगळे करावेसे वाटते, त्याने ते स्वतःच्या पैशांनी करावे, त्याला प्रत्येकी १,५०० रुपयांची मर्यादा असावी, वस्तू ठरलेल्या तीन रंगांत बसावी आणि सण झाल्यावर ती ज्याची त्याने घेऊन जावी. मर्यादा आवश्यक आहे. नाहीतर ज्याच्या खिशात पैसे अधिक, त्याची हौस भिंतभर पसरते आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो.

याशिवाय प्रत्येकी ३०० रुपये राखीव धरावेत, कारण सणाच्या तोंडावर फुलांचा भाव कोणाच्याच हातात नसतो. हौस सोडून हिशेब असा होतो: थोरले २,६०० रुपये, मधले ३,५०० रुपये, धाकटे ४,४०० रुपये आणि एकूण १०,५०० रुपये. पुढच्या वर्षी दुसऱ्या कप्प्यात फक्त तुटफूट उरेल, त्यामुळे तिघांचाही भार जवळजवळ समान आणि हलका होईल.

मंडळाचाकार्यकर्ता

मंडळाच्या आराशीचा आमचा अनुभव असा आहे की, वर्गणी आधी गोळा करावी आणि देखावा नंतर ठरवावा. आधी देखावा ठरवला की खर्च वाढत जातो आणि कार्यकर्त्यांना स्वतःच्या खिशातून भर घालावी लागते. पावतीपुस्तक एकाकडेच असावे आणि खजिनदाराने दर आठवड्याला जमाखर्च फलकावर लावावा.

मधलीसून

दादा, आपण लिहिलेले मंडळासाठी उपयुक्त आहे, परंतु माझा प्रश्न घरातल्या आराशीचा आहे. थोरल्या दिरांना पावतीपुस्तक दाखवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. तरीही 'आधी रक्कम, मग देखावा' हा क्रम मात्र घरालाही लागू पडतो असे वाटते आणि तो मी लक्षात ठेवीन.

हिशेबनीस यांनी मांडलेले कप्पे यजमानांना वाचून दाखवले. त्यांना पटले, पण 'दादाला कमी हिस्सा धरलेला आवडेल का,' अशी शंका त्यांनी लगेच काढली.

थोरलापाती

ती शंका रास्त आहे आणि मी ती थोरल्या भावाच्या जागेवरून मांडतो, कारण मी स्वतः थोरला आहे आणि निवृत्तही आहे. धाकट्या भावांनी प्रेमाने माझा हिस्सा कमी धरला, तर मला बरे वाटणार नाही. वर्षानुवर्षे ज्या घरात मी पुढे होऊन खर्च केला, तिथे मला 'एक हिस्सा' म्हणून बाजूला बसवल्यासारखे वाटेल. हिशेबनीस, आपली पद्धत गणिताने निर्दोष आहे, परंतु कमी देणाऱ्याचा शब्दही घरात हळूहळू कमी होतो, हे मी नातेवाइकांच्या घरी पाहिले आहे. धाकटा उघडपणे काही बोलत नाही, पण पडदा निवडताना सगळे त्याच्याकडेच पाहतात.

माझे मत असे की, एकूण खर्चच इतका खाली आणावा की सर्वांत कमी उत्पन्न असलेल्यालाही समान हिस्सा सहज देता येईल. त्यापेक्षा भारी जे हवे ते ज्याचे त्याने हौसेत बसवावे.

हिशेबनीस

आपल्या भावनेचा मी मनापासून आदर करतो. म्हणूनच आमच्या घरी पैसा आणि मत यांची फारकत केलेली आहे: हिस्सा कितीही असो, प्रत्येक कुटुंबाला एकच मत असते. परंतु आपण सुचवलेल्या मार्गात एक अडचण आहे. सर्वांत कमी उत्पन्नाच्या मापाने सगळी आरास आखली की, ज्यांना अधिक करावेसे वाटते ते ते हौसेच्या नावाखाली करतात आणि मग भिंतीवर समाईक काही उरतच नाही. या बाबतीत आपले मत वेगळे राहील, याची मला जाणीव आहे.

रेशीमधागा

मी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबातली आहे आणि आमच्याकडे महालक्ष्म्यांऐवजी नवरात्रातल्या बतुकम्माचा अनुभव सांगू शकते. तिथे थीमचा वाद उद्भवतच नाही, कारण फुलांचे थरावर थर रचायचे असतात आणि आकार परंपरेनेच ठरलेला असतो. पैशांचाही फारसा प्रश्न येत नाही. तरीही दरवर्षी एक रुसवा ठरलेला असतो आणि तो कष्टांवरून असतो. फुले निवडणे, देठ सारखे कापणे, एकेक थर नीट दाबून बसवणे हे काम आमच्या मोठ्या वहिनी पहाटेपासून करत असतात आणि बाकीच्या संध्याकाळी फेर धरायला येतात.

म्हणून माझा प्रश्न हिशेबनीस यांना असा आहे की, आपल्या तीन कप्प्यांत कष्ट कुठे आहेत? ताईंच्या घरात फुलोऱ्याच्या करंज्या आणि साटोऱ्या कोण तळते, साड्यांच्या निऱ्या कोण घालते आणि विसर्जनानंतर सगळे घड्या करून कपाटात कोण ठेवते? ज्या जाऊबाई दोन दिवस आधीपासून उभ्या असतात, त्यांच्या कुटुंबाने ताज्या फुलांचा समान हिस्सा भरणे मला योग्य वाटत नाही.

थोरलापाती

रेशीमधागा यांनी फार मोलाचा मुद्दा मांडला आहे. माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडे वेळ आहे आणि हात आहेत. चौकट उभी करणे आणि नंतर सामान सांभाळणे हे काम हिशेबात धरले गेले, तर हिस्सा कमी भरण्यात मला कमीपणा वाटणार नाही.

हिशेबनीस

कष्टांना रुपयांत मोजायला गेलो की घराचे कारखान्यासारखे होईल, अशी मला भीती वाटते. 'माझे सहा तास, तुझे चार' ही भाषा एकदा सुरू झाली की ती पुढच्या सणापर्यंत थांबत नाही. त्याऐवजी कामे नावानिशी आधीच वाटून घ्यावीत, असे मी म्हणेन. रेशीमधागा यांचे समाधान यातून होणार नाही, हे मला समजते, परंतु याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

रेशीमधागा

समाधान झालेले नाही, कारण कामे नावानिशी वाटली तरी तळणीचे काम फिरून त्याच बाईकडे येते. निदान तळण समाईक पैशांतून बाहेरून करून घ्यावे की नाही, हे तरी दरवर्षी त्या बाईला विचारूनच ठरवावे.

मधलीसून

रविवारी सासूबाईंच्या घरी बैठक झाली. पुण्याचे दीर आणि जाऊबाई फोनवरून सहभागी झाले. मंडपवाले यांचे दोन प्रश्न आम्ही जसेच्या तसे विचारले आणि उत्तरे मुलीने वहीत लिहून घेतली.

सासूबाईंना मंडपी आणि फुलोरा समोरून स्पष्ट दिसायला हवा आणि त्यांना प्लास्टिकची फुले नकोत. थोरल्या जाऊबाईंना आजेसासूबाईंच्या इरकली साड्या वापरल्या जाव्यात असे वाटते आणि उघडझाप करणारे दिवे त्यांना नकोत. धाकट्या जाऊबाईंना मागची भिंत शांत, एकरंगी हवी आणि दहा रंगांची गर्दी नको. थोरल्या दिरांनी 'डोईजड खर्च नको' एवढेच सांगितले. मुलांना सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचा देखावा करायचा आहे, सातही नंदीध्वजांसह, आणि त्यांना सहन न होणारी गोष्ट म्हणजे 'मुलांनी हात लावू नये' हे वाक्य.

उत्तरे एकत्र वाचल्यावर घरात एक वेगळीच शांतता पसरली, कारण थोरल्या आणि धाकट्या जाऊबाईंच्या उत्तरांत थेट विरोध कुठेच नव्हता. आम्ही आजेसासूबाईंची एक इरकल पेटीतून काढली. अंग गर्द निळे, काठ लाल आणि लाल पदरावर पांढरी नक्षी. धाकट्या जाऊबाईंनी स्वतःहून म्हटले की, मागे हाच निळा घेऊ, लाल फक्त काठापुरता ठेवू आणि पांढरा फुलांतून येऊ दे. थीमचे नाव 'आजींची इरकल' असे ठरले.

आता दोन प्रश्न उरले आहेत. साड्या जुन्या आहेत, त्या पडद्यासारख्या लावल्या तर विरतील का? आणि मुलांचा देखावा कुठे बसवावा?

जुनेरं

साड्यांविषयी मी सांगते, कारण जुनी वस्त्रे सांभाळण्याची मला आवड आहे. इरकलीचे अंग बहुधा सुती असते आणि पदर रेशमी असतो. पदराचा वेगळा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो, तेव्हा जुन्या साडीत हा जोड सर्वांत आधी तपासावा. साडी उजेडासमोर धरून पाहावी. जिथे धागे विरळ होऊन प्रकाश आरपार दिसतो, तो भाग लोंबता ठेवू नये. वर्षानुवर्षे ज्या घडीवर साडी ठेवलेली असते, त्या रेषेवरच ती आधी चिरते.

संपूर्ण भिंतीचा पडदा जुन्या साड्यांचा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मागे नवे, चमक नसलेले गर्द निळे सुती कापड लावावे आणि जुनी साडी त्याच्या वरच्या भागात झालरीसारखी सोडावी. नऊवारी साडी साधारण सत्तावीस फूट लांब असते, त्यामुळे आठ फुटांच्या भिंतीवर तिच्या भरपूर चुण्या पडतात. टाचण्या अंगात टोचू नयेत. साडी पाइपवरून घेऊन कपड्यांच्या चिमट्यांनी धरावी, आणि टाके घालायचेच झाले तर ते काठावर, सैल हाताने घालावेत, कारण काठाची वीण घट्ट असते.

तारमार्ग

मी विजेची कामे करतो, म्हणून एक सूचना करतो. कापडी आरास ठरली असेल तर जुने हॅलोजनचे फोकस वापरू नयेत, कारण ते फार तापतात आणि लोंबत्या कापडाजवळ धोक्याचे ठरतात. एलईडीच्या माळांना वीज फारच कमी लागते. तिथे धोका माळेपेक्षा तिच्या जोडांत असतो. टेपने गुंडाळलेला जोड कापडाच्या मागे लपवू नये, तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवावा. समई आणि निरांजने पडद्यापासून हातभर तरी दूर असावीत आणि त्या बाजूला पंखा नसावा. पंख्याच्या वाऱ्याने निऱ्या ज्योतीकडे झुकतात, हे आरास करताना लक्षात येत नाही, कारण त्या वेळी समया पेटवलेल्या नसतात.

मुलांना सांगावे की, माळ स्थिर ठेवण्याची कळ बहुतेक माळांच्या डबीवर असते. त्यामुळे दिवेही राहतील आणि थोरल्या काकूंना उघडझापही सोसावी लागणार नाही.

मंडपवाला

मुलांच्या देखाव्याविषयी माझा सल्ला असा आहे की, त्याला महालक्ष्म्यांच्या भिंतीवर जागा देऊ नये, पण कोपऱ्यातही ढकलू नये. आपल्याकडे गणपतीही बसत असेल, तर त्याच्या बाजूला दोन फुटी चौरंग मुलांना पूर्णपणे सोपवावा. चौरंगाच्या कडेबाहेर काही जाणार नाही, एवढी एकच मर्यादा घालावी आणि आत मोठ्यांनी हात लावू नये. नंदीध्वज उंच असतात, त्यामुळे प्रमाण सांभाळण्यासाठी आधी काठ्यांची उंची ठरवावी आणि मग माणसे व मंदिर त्या मापाने करावे. मुले उलट करतात, आधी मंदिर मोठे बांधतात आणि मग काठ्या त्याच्यापुढे काड्यांसारख्या दिसतात. निळ्या चौरंगावर पांढऱ्या वेशातली माणसे ठेवली की तो देखावाही आपोआप थीममध्ये बसेल.

खरेदीला जाताना साडीचा फोटो नेऊ नका. फोनच्या पडद्यावर निळा रंग हमखास वेगळा दिसतो. साडीशी जुळणारा दोरा किंवा कापडाचा तुकडा सोबत घ्या, मधला मारुतीच्या बाजारात दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर येऊन उन्हात रंग जुळवा. आणि श्रावणी अमावास्येनंतर ताज्या फुलांशिवाय एकही नवी वस्तू घरात येणार नाही, असे आधीच ठरवा. शेवटच्या दोन दिवसांत कोणीतरी प्रेमाने आणलेली वस्तू नाकारणे सर्वांत अवघड असते.

बाळीवेसकर

मी काल आईला ते दोन प्रश्न विचारले. तिला मंडपीवर टांगलेल्या करंज्या शेवटपर्यंत शाबूत राहायला हव्यात आणि त्या विसर्जनापूर्वी गायब होणे तिला सहन होत नाही, असे तिने माझ्याकडे पाहत सांगितले. तिला गेली अनेक वर्षे आराशीविषयी कोणी काही विचारलेच नव्हते, हेही तिने सांगितले. आमच्याकडेही यंदा बैठक होईल.

मधलीसून

सर्वांचे मनापासून आभार. आमचे जे ठरले ते इथे लिहिते, म्हणजे कोणाला काही त्रुटी दिसली तर अजून वेळ आहे.

पूजेचे सामान आणि ताजी फुले समान वाटून घेणार आहोत. फुलांत पांढरी शेवंती आणि निशिगंध अधिक आणि झेंडू फक्त दाराच्या तोरणाला. टिकाऊ सामानाच्या वाटणीवर थोरल्या दिरांनी शेवटी आपला मार्ग काढला. पाइपची चौकट त्यांच्या ओळखीच्या वेल्डरकडून ते स्वतः करून घेणार आहेत आणि ते सामान त्यांच्याच माळ्यावर राहील, म्हणून चौकटीचा सगळा खर्च त्यांनी उचलला. कापडाचा आणि दिव्यांचा मिळून ३,००० रुपयांचा खर्च धाकट्या दिरांनी आणि आम्ही निम्मा-निम्मा घेतला. हा हिशेब हिशेबनीस यांच्या प्रमाणात बसत नाही आणि थोरल्या दिरांचा आकडा उलट वाढला, हे मला दिसते आहे. परंतु तो त्यांनी स्वतः निवडला आहे आणि त्यावर मी आणखी बोलू नये, असे यजमानांचे म्हणणे आहे.

हौसेची मर्यादा १,५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर आणली. धाकट्या जाऊबाई त्या रकमेतून पितळी घंटांची एक जोडी आणणार आहेत आणि थोरल्या जाऊबाई काहीच आणणार नाहीत, त्या आपली हौस रांगोळीत भागवणार आहेत.

रेशीमधागा, तळणीविषयी थोरल्या जाऊबाईंना विचारले. फुलोऱ्याचे त्यांना स्वतःच करायचे आहे, बाकी फराळ समाईक पैशांतून बाहेरून आणावा असे त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारले. सासूबाईंना मात्र बाहेरचा फराळ मान्य नाही. ती गोष्ट अजून अधांतरी आहे.

रेशीमधागा

सासूबाईंना नैवेद्याच्या ताटातला फराळ बाहेरचा नको आहे की पाहुण्यांना द्यायचाही नको आहे, हे वेगवेगळे विचारून पाहावे. आमच्या घरी हा फरक केल्यावर वहिनींचे निम्मे काम कमी झाले.

जुनेरं

आणि साडी उतरवल्यावर लगेच घडी घालू नका. पंख्याखाली सावलीत एक रात्र मोकळी ठेवून फुलांचा ओलसरपणा आणि उदबत्तीचा वास जाऊ द्या, हळदी-कुंकवाचे कण मऊ कुंच्याने झटका आणि ती जुन्या घडीच्या रेषेवर न मोडता सुती पंच्यात सैल गुंडाळून ठेवा.